‘आज रात्री वीज तोडणार’: सोसायटीच्या सभेत हा एकच विषय नीट कसा मांडायचा

दोन वर्षांपूर्वी फोंड्यातल्या आमच्या सोसायटीने वार्षिक सभेत फसवणुकीवर बोलायचे काम माझ्याकडे दिले. बँकेत तीस वर्षे काढल्यामुळे सांगण्यासारखे पुष्कळ होते, आणि मी ते सगळेच सांगितले. लॉटरी, खोटे कुरिअर, नोकरीचे आमिष, शेअर बाजाराचे ग्रुप, फ्लॅट भाड्याने घेणारा खोटा लष्करी अधिकारी असे एकूण बारा प्रकार झाले. लोकांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि घरी गेले. पुढच्याच महिन्यात पहिल्या मजल्यावरच्या काकींचे पैसे गेले. सभेत त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “तुम्ही ओटीपी कुणाला सांगू नका म्हणालात. मी कुणालाच सांगितला नाही हो.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्यांनी ओटीपी कुणालाही सांगितला नव्हता. तो त्यांच्या फोनमधून परस्पर गेला होता, आणि हे असे होऊ शकते याबद्दल मी सभेत एक शब्दही बोललो नव्हतो. तेव्हापासून मी बारा प्रकार सांगणे सोडले. आता एकच प्रकार सांगतो, तोही काकींच्या परवानगीने त्यांचाच, आणि उरलेला वेळ लोकांच्या हातातल्या फोनवर घालवतो. चाळीस मिनिटे पुरतात. तुमच्या सोसायटीत बोलायची पाळी तुमच्यावर आली, तर पुढचा क्रम तसाच्या तसा वापरा.

आधी गोष्ट सांगा, वेळेसकट

जुलै महिना होता, पाऊस धो धो पडत होता आणि दुपारपासून दोनदा वीज गेली होती. रात्री ८ वाजून २० मिनिटांनी काकींना मेसेज आला: मागच्या महिन्याचे बिल अपडेट झालेले नाही, आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडली जाईल, ताबडतोब वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधा. खाली दहा आकडी मोबाईल नंबर. पावसाळ्यात आपल्याकडे हा मेसेज जास्त खरा वाटतो, कारण वीज खरोखरच जात-येत असते. त्यात रात्रीची वेळ म्हणजे कार्यालय बंद, विचारायचे कुणाला?

काकींनी बिल भरले होते. पण त्यांच्या मनात एक जुनी खुटखुट होती. फ्लॅट घेऊन बारा वर्षे झाली तरी वीजजोडणी अजून बिल्डरच्या नावावर होती. गोव्यातल्या किती सोसायट्यांत हीच स्थिती आहे ते सभेत हात वर करायला सांगून बघा. आमच्याकडे चोवीस घरांपैकी नऊ निघाली. त्यामुळे ८:३५ ला फोन लावल्यावर पलीकडचा माणूस हिंदीत म्हणाला, “बिल भरलेले दिसते, पण नाव जुळत नाही, अपडेट करावे लागेल,” तेव्हा काकींना तो सगळे जाणून असल्यासारखा वाटला. त्याला काहीच माहीत नव्हते. हेच वाक्य तो प्रत्येकाला ऐकवतो, आणि नाव बदलायचे राहिलेली घरे आपोआप गळाला लागतात.

त्याने व्हॉट्सॲपवर एक फाईल पाठवली, `Bill_Update.apk`. काकींनी ती दाबल्यावर फोनने स्वतःच अडवले: अनोळखी ठिकाणाहून ॲप घ्यायला परवानगी नाही, असा इशारा पडद्यावर आला. फोनवरचा माणूस शांतपणे म्हणाला, “मॅडम, `Settings` दाबा, मग `Allow from this source` चालू करा.” त्यांनी केले. ॲप उघडले, त्यावर सरकारी वाटेल असे चिन्ह होते. एसएमएस बघायची परवानगी मागितली, काकींनी `Allow` दाबले. मग नाव, मोबाईल नंबर आणि बिलावरचा सीए नंबर भरायचा फॉर्म आला, आणि शेवटी तेरा रुपये भरायचे पान. तिथे त्यांनी नेट बँकिंगचा आयडी, पासवर्ड आणि डेबिट कार्डाचा तपशील टाकला. पैसे भरले गेले नाहीत असे पडद्यावर आले. “सर्व्हर स्लो आहे, फोन ठेवू नका,” असे म्हणत त्याने त्यांना पुढची चाळीस मिनिटे बोलण्यात अडकवून ठेवले.

त्या वेळात पलीकडे त्यांच्याच आयडीने बँकेत लॉगिन झाले. ओटीपी काकींच्या फोनवर आला, ॲपने तो वाचून पुढे पाठवला आणि पडद्यावरची सूचनाही पुसली. ९:१४ ला ४९,९०० रुपये गेले, ९:१७ ला ५०,००० गेले. बँकेची सूचना ईमेलवर मुलाला पुण्यात मिळाली. आईचा फोन सतत व्यस्त लागत होता म्हणून त्याने मला फोन केला आणि मी जिना उतरून त्यांच्या दाराची बेल वाजवली.

सभेत इथे थांबा आणि एकच प्रश्न विचारा: काकी नेमक्या कुठल्या क्षणी फसल्या? बहुतेक लोक म्हणतील, पासवर्ड टाकला तेव्हा. कुणी म्हणेल, मेसेजवरच्या नंबरला फोन लावला तेव्हा. माझ्या मते तो क्षण `Allow from this source` चालू करण्याचा. फोन लावणे ही चूक होती, पण तोवर पैसे जाण्याची वाट उघडली नव्हती. पासवर्ड गेला तरी ओटीपीची कडी शाबूत होती. ती कडी त्या एका बटणाने निघाली.

पंधरा दिवसांचा नियम, जो धमकीतली हवा काढून घेतो

यानंतर लोकांना धीर देणारी एक गोष्ट सांगा. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे बिल थकले म्हणून जोडणी तोडायची असेल तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि पूर्ण १५ दिवसांची मुदत द्यावी लागते. रात्री साडेआठला सांगून साडेनऊला वीज तोडणे या कायद्यात बसत नाही. आपल्या वीज खात्याचे बिल खरेच थकले असले तरी नाही. नाव जुळत नाही, केवायसी राहिले, मीटर अपडेट नाही यांतल्या कुठल्याही कारणासाठी रात्रीतून अंधार होत नाही.

मी हे वाक्य सभेत तीनदा म्हणवून घेतो: “आधी नोटीस, मग पंधरा दिवस.” घाबरलेल्या माणसाला मेसेजमधल्या व्याकरणाच्या चुका शोधायला सांगून उपयोग नसतो. शिवाय हल्ली मेसेज नीट लिहिलेलेही येतात. त्याला हातात धरायला असा एक ठोस आकडा लागतो.

काहीजण म्हणतात, फोनवरच्या माणसाशी कोंकणीत बोलून बघावे, बाहेरचा असला तर लगेच कळेल. “खंयच्या ऑफिसांतल्यान उलयता?” असे विचारले की बरेच जण गडबडतात हे खरे. तरीही मी हा उपाय शिकवत नाही. त्यात संभाषण लांबते, आणि लांबलेले संभाषण त्याच्याच फायद्याचे असते. शिवाय उद्या एखादा कोंकणी बोलणारा निघाला तर त्याच्यावर दुप्पट विश्वास बसेल. फोन ठेवायचा आणि बिलावर छापलेल्या उपविभागाच्या नंबरवर किंवा १९१२ वर आपण स्वतः फोन करायचा. नंबर इंटरनेटवर शोधू नये, कारण शोधात वर दिसणारे ‘कस्टमर केअर’ नंबरही पुष्कळदा याच टोळ्यांनी पेरलेले असतात.

आता फोन बाहेर काढायला सांगा

हा सभेचा सर्वात महत्त्वाचा भाग आहे. याला वीस मिनिटे द्या. सोसायटीतली कॉलेजातली मुले-मुली आधीच गाठून ठेवा, दर पाच-सहा माणसांमागे एक. त्यांना एकच सूचना द्यायची: कुणाचाही फोन स्वतःच्या हातात घ्यायचा नाही, शेजारी बसून दाखवायचे, बटण मात्र फोनवाल्यानेच दाबायचे. स्वतः दाबलेले लक्षात राहते, आणि परक्याच्या हातात फोन न देण्याची सवयही त्यातूनच लागते.

पहिले काम म्हणजे ते दार बंद करणे. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये रस्ता थोडा वेगळा असतो, म्हणून रस्ता पाठ करून घेऊ नका. सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत `unknown` टाइप करायला सांगा. `Install unknown apps` हे पान सापडेल. त्यात व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल मॅनेजर, टेलिग्राम अशी नावे दिसतात. प्रत्येक नावासमोर `Not allowed` असायला हवे. आमच्या सभेत सहा फोनमध्ये क्रोमला परवानगी दिलेली सापडली. एका गृहस्थांना ती कधी दिली हे आठवतही नव्हते. बहुधा नातवाने खेळ घेताना दिली असावी.

दुसरे काम एसएमएसचे. त्याच शोधपट्टीत `permission manager` टाइप करून `SMS` वर जायला सांगा. कुठकुठल्या ॲपला मेसेज वाचता येतात त्याची यादी येते. मेसेजचे मूळ ॲप, बँक आणि यूपीआयची ॲप तिथे असणे साहजिक आहे. टॉर्च, वॉलपेपर, कर्ज देणारे एखादे ॲप किंवा ओळखू न येणारे नाव दिसले तर परवानगी काढून घ्यायची, आणि ॲप नको असेल तर तेही काढायचे. इथे घाई करू नका. लोकांना प्रत्येक नावाबद्दल शंका येते, आणि ती यायलाच हवी.

तिसरे काम व्हॉट्सॲपचे. `Settings`, मग `Account`, मग `Two-step verification`. सहा आकडी पिन ठेवायचा, आणि ईमेल विचारला तर द्यायचा. पिन म्हणून जन्मतारीख किंवा फ्लॅट नंबर दोनदा लिहून चालणार नाही. सोसायटीत ते दोन्ही सगळ्यांना ठाऊक असतात. हा पिन कशासाठी, ते पुढे सांगतो.

आयफोनवाल्यांना सांगा की `.apk` फाईल त्यांच्या फोनवर चालत नाही, पण तेरा रुपये भरण्याचे खोटे पान त्यांनाही तितकेच लागू पडते. त्यामुळे पहिली दोन कामे त्यांना नसली तरी तिसरे आहे.

त्या रात्री अकरा वाजता ग्रुपवर काय आले

आता गोष्टीचा दुसरा अर्धा भाग, जो संपूर्ण सोसायटीचा आहे.

रात्री अकराला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काकींच्या नावाने तीच फाईल आली. सोबत मराठीत दोन ओळी: सर्वांनी आजच अपडेट करा, माझे झाले. व्हॉट्सॲप नवीन फोनवर सुरू करायचे तर सहा आकडी कोड एसएमएसने येतो. काकींचे एसएमएस ते ॲप वाचतच होते. त्यामुळे त्यांचे व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर सुरू करायला त्या टोळीला काहीच कष्ट पडले नाहीत. पिन असता तर कोड मिळूनही ते तिथे अडकले असते.

अनोळखी नंबरवरून आलेल्या फाईलकडे लोक दुर्लक्ष करतात, पण पहिल्या मजल्यावरच्या काकींनी पाठवलेली फाईल उघडतात. दोघांनी ती उतरवून घेतली. एकाने ॲप चालूही केले. नशिबाने त्याच्या फोनवर बँकेचे काही नव्हते. मी ग्रुपवर लगेच इशारा टाकला, पण तो चार जणांनीच वाचला. म्हणून अशा वेळी काय करायचे ते आधी ठरवून ठेवा. ग्रुपच्या ॲडमिनने त्या सदस्याला तात्पुरते काढावे, फाईल सगळ्यांसाठी डिलीट करावी (ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही डिलीट करता येतो), आणि दोघांनी जिन्याने जाऊन दारे वाजवावीत. मजल्यामागे एक मिनिट लागते. ज्याने फाईल उघडली आहे तो ग्रुप वाचत बसलेला नसतो.

व्हॉट्सॲप परत मिळवायचे तर स्वच्छ फोनवर ते पुन्हा सुरू करून आलेला कोड टाकायचा. कोड टाकताक्षणी घुसलेला माणूस बाहेर पडतो. त्याने स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर आपल्याला सात दिवस थांबावे लागते, पण त्या सात दिवसांत तोही आत नसतो.

सभेत ग्रुपबद्दल ठराव करून घ्या. सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवा आणि त्यात `Send messages` ची परवानगी फक्त ॲडमिनना द्या. गप्पा, वाढदिवस, चवथीची वर्गणी यांसाठी दुसरा ग्रुप राहू द्या, तो बंद करू नका, नाहीतर लोक पहिल्या ग्रुपकडे फिरकणारच नाहीत. कमिटी कधीही `.apk` फाईल पाठवणार नाही, हे लिहून ठेवा. नोटीस पाठवायची तर पीडीएफ किंवा फोटो. फाईलचे नाव `Bill.pdf.apk` असेही येते, म्हणून नावाचा शेवटचा भाग बघायला शिकवा. ज्यांनी फ्लॅट विकला किंवा नंबर बदलला त्यांचे जुने नंबर त्याच आठवड्यात काढा, कारण बंद पडलेला नंबर मोबाईल कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते.

मेंटेनन्सच्या खात्याचेही तेच. खाते क्रमांक आणि क्यूआर कोड नोटीस बोर्डाच्या काचेआड, अध्यक्ष आणि सचिव यांच्या सहीने लावा. खाते बदलायचे असेल तर ते सभेतच जाहीर होईल, मेसेजवर कधीही नाही. काचेबाहेर कुणी दुसरा कोड चिकटवला आहे का, हे महिन्यातून एकदा बघायचे काम वॉचमनला न देता कमिटीतल्या एकाने घ्यावे.

दोन माणसे, ज्यांना रात्रीही फोन करता येईल

प्रत्येक विंगेत दोन माणसे नेमा. वयाची किंवा पदाची अट नको. मनमिळाऊ असावीत आणि रात्री फोन उचलणारी असावीत. त्यांचे काम फार छोटे आहे. कुणीही, कधीही फोन करून म्हणायचे, “असा मेसेज आला आहे.” त्यांनी विचारायचे, “समोरचा फोन ठेवलात का?” आणि ठेवला नसेल तर तिथे जायचे. त्यांनी पैसे किती, खाते कुठल्या बँकेत हे विचारायचे नाही. कार्ड, पासवर्ड, ओटीपी यांना हात लावायचा नाही. मदत करणाऱ्यावर पुढे संशय येऊ नये म्हणून हा नियम सभेतच मोठ्याने सांगा.

फोंडा, मडगाव, पर्वरी कुठेही बघा, मुले आखातात, पुण्यात, बंगळूरला आणि घरात एकटे आई-वडील, अशी घरे प्रत्येक सोसायटीत आहेत. त्यांना रात्री पावणेनऊला मुलाला त्रास द्यायचा नसतो. शेजाऱ्याला विचारायला लाज वाटते. नेमलेला माणूस असला की ती लाज जाते, कारण विचारणे हे त्याला दिलेलेच काम असते. काकी मला नंतर म्हणाल्या की त्या पंधरा मिनिटे विचार करत होत्या, कुणाला विचारू, आणि कुणालाच विचारले नाही. माझे घर त्यांच्या डोक्यावरच आहे.

पैसे गेले तर पहिला अर्धा तास

हा भाग कागदावर द्या, कारण अशा वेळी कुणाला काही आठवत नाही. आम्हालाही आठवले नाही, आणि त्याची किंमत मोजावी लागली.

सर्वात आधी त्या फोनचा एअरप्लेन मोड चालू करा आणि वायफायही बंद आहे ना ते बघा. आतले ॲप काहीही वाचो, बाहेर पाठवू शकत नाही. आम्ही हे केले नाही. काकींचा फोन टेबलावर तसाच चालू राहिला आणि त्यामुळेच रात्री अकराचा प्रकार घडू शकला.

मग दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून बँकेला फोन करा. नंबर कार्डाच्या मागे असतो. कार्ड बंद करा, एवढेच म्हणून थांबू नका. “कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय तिन्ही बंद करा,” असे सांगा आणि तक्रार क्रमांक व वेळ लिहून घ्या. आम्ही ९:४१ ला कळवले, पण फक्त कार्डाबद्दल बोललो. नेट बँकिंग चालू राहिले आणि ९:५२ ला आणखी ३८,००० रुपये गेले.

त्यानंतर लगेच १९३०. ही फसवणुकीच्या तक्रारीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाईन आहे. तिथे काय विचारतात ते आधी कागदावर उतरवा: तक्रारदाराचा मोबाईल नंबर, बँकेचे नाव, खाते किंवा कार्ड क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची रक्कम, तारीख, वेळ आणि व्यवहार क्रमांक. व्यवहार क्रमांक सर्वात उपयोगी, कारण त्यावरूनच पैसे पुढे कुठल्या खात्यात गेले ते शोधून ती रक्कम तिथे गोठवायला सांगता येते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात मिनिटांत जातात, शेवटी एटीएममधून काढले जातात. काढले गेले की गोठवायला काही उरत नाही. १९३० लागला नाही तर फोन करत राहतानाच दुसऱ्या कुणाला तरी cybercrime.gov.in वर तक्रार भरायला बसवा. फोनवर तक्रार झाली तरी संकेतस्थळावरची तक्रार त्याच दिवशी पूर्ण करा आणि पोलीस ठाण्यातही जा.

सिमकार्ड काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला, म्हणजे बँकेचे पुढचे मेसेज दिसत राहतील आणि कुठलेही ॲप ते वाचणार नाही. असा एक जुना फोन सोसायटीच्या ऑफिसात चार्ज करून ठेवणे हा आमच्या सभेतल्या एका मावशींचा विचार, आणि तो मला फार आवडला. बिघडलेल्या फोनवरचे मेसेज, चॅट आणि ती फाईल पुसू नका. दुसऱ्या फोनने पडद्याचे फोटो काढा. फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू करायचा आहेच, पण पोलिसांना विचारून मगच. नेट बँकिंगचा पासवर्ड बदलायचा तो दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. त्याच फोनवर बदललात तर नवा पासवर्डही त्यांच्याकडे जाण्याची भीती असते.

आता सभेत विचारला जाणारा प्रश्न: पैसे परत मिळतात का? काकींचा हिशेब सांगा, तो प्रामाणिक आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. काकींनी पासवर्ड स्वतः भरला होता, त्यामुळे पहिले ९९,९०० त्यांच्या अंगावर आले. पण ३८,००० हे ९:४१ नंतर गेले होते, तक्रार क्रमांक आणि वेळ आमच्याकडे लिहिलेली होती, आणि ते पैसे बँकेने भरून दिले. पहिल्या रकमेपैकी ३१,००० रुपये वाटेतल्या एका खात्यात गोठवले गेले. ते परत मिळायला न्यायालयाचा आदेश घ्यावा लागला आणि कित्येक महिने गेले. उरलेले ६८,९०० गेले ते गेले.

ग्राहकाची चूक नसेल, म्हणजे तिसऱ्याच कुणामुळे तपशील फुटला असेल, तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास त्याच्यावर काहीच जबाबदारी येत नाही, असेही तेच परिपत्रक म्हणते. म्हणून चूक कुणाची यावर घरात वाद घालत बसू नका. आधी कळवा.

एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी. वरच्या सेटिंगने फक्त हे एक दार बंद होते. खोटा पोलीस व्हिडिओ कॉलवर बसवून पैसे पाठवायला लावतो, तिथे कुठलेही ॲप लागत नाही, आणि फोनमधली कुठलीही सेटिंग त्याला अडवत नाही. तिथे दोन नेमलेली माणसे आणि हा पहिला अर्धा तास, एवढेच कामाला येतात.

मीटर बॉक्सजवळचा कागद

सभा संपायच्या आधी एक कागद तयार करा आणि तिथेच वाचून दाखवा. आमच्या कागदावर मोठ्या अक्षरांत इतकेच आहे: आधी नोटीस, मग पंधरा दिवस. वीज खाते १९१२ आणि बिलावरून उतरवलेला उपविभागाचा नंबर. पैसे गेले तर एअरप्लेन मोड, बँक, १९३०. विंगेतल्या दोघांची नावे आणि फ्लॅट क्रमांक. एक प्रत मीटर बॉक्सशेजारी आहे, कारण वीज गेली की लोक आधी तिथेच जातात. दुसरी प्रत प्रत्येक घरात फ्रिजवर.

कागदाच्या तळाशी ज्या घरांची वीजजोडणी अजून जुन्या नावावर आहे त्यांच्यासाठी एक ओळ आहे: नाव बदलण्याचे अर्ज सचिव एकत्र उपविभागात नेतील, पहिल्या शनिवारपर्यंत कागदपत्रे द्या. नऊपैकी सात घरांची नावे आता बदलली आहेत. उरलेल्या दोन फ्लॅटांचे मालक परदेशात आहेत, त्यांना पत्र पाठवले आहे.

फोनची तपासणी आम्ही चवथीनंतरच्या रविवारी पुन्हा करतो. सुट्टीला आलेली मुले आई-वडिलांना नवा फोन देऊन जातात, जुन्या फोनमधले सगळे त्यात उतरवताना परवानग्या भराभर देतात, आणि `Install unknown apps` चे पान पुन्हा पहिल्यापासून बघावे लागते.